माझं गाणं, दुसऱ्याच्या चॅनेलवर

प्रश्न : माझं मूळ गाणं लोक यूट्यूबवर परस्पर चढवतात. कॉपीराइट कार्यालयात नोंदणी केली की ते आपोआप पकडलं जाईल का?

उत्तर : नाही. ते प्रमाणपत्र न्यायालयात पुरावा म्हणून मोलाचं आहे, पण यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा ते वाचत नाही. कंटेंट आयडी जुळवते ती ध्वनीची फाईल. ही सोय एकट्या कलाकाराला सहसा थेट मिळत नाही. म्हणून वितरकामार्फत गाणं देताना कंटेंट आयडीचा पर्याय मुद्दाम निवडा. मग जुळणाऱ्या व्हिडिओवर दावा लागतो आणि जाहिरातीचं उत्पन्न तुमच्याकडे वळवता येतं किंवा व्हिडिओ रोखता येतो.

‘गाणं माझंच, मग अडचण कसली?’ असं तुम्ही म्हणाल. अडचण तयार लूपची. समजा, सुरुवातीचे बारा सेकंद विकतचा तबल्याचा लूप एकटाच वाजतो. तोच लूप घेतलेल्या इतरांच्या गाण्यांवरही तुमचा दावा लागेल. त्यांनी हरकत घेतली की तुम्हाला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. चुकीचे दावे वाढले तर ही सोयच काढून घेतली जाऊ शकते. त्यामुळे तो तुकडा संदर्भ-फाईलमधून वगळायला वितरकाला सांगा, किंवा तबला स्वतः वाजवून घ्या. आणि आपलं चॅनेल सूटयादीत घालायला विसरू नका, नाहीतर पहिला दावा तुमच्याच व्हिडिओवर येईल.