पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की सिल्लोड परिसरातील पालकांचे आम्हास दूरध्वनी येऊ लागतात. कोणी म्हणतात, “सर, मुलीला ब्याण्णव टक्के पडले.” कोणी खालच्या आवाजात सांगतात, “पोराला पन्नासच पडले, गेले वर्ष वाया.” दोघांच्याही हातात स्कोअर कार्ड असते आणि दोघेही त्यावरील आकडा टक्के म्हणून वाचतात. तो आकडा पर्सेंटाईलचा आहे. या गैरसमजापायी एखादे मूल प्रवेशाचा अर्जच भरत नाही, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय मांडत आहोत.

टक्केवारी विद्यार्थ्याची तुलना प्रश्नपत्रिकेशी करते. पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची असते : भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० आणि गणिताचे १००. त्यात ११८ गुण मिळाले, तर ते ५९ टक्के झाले. पर्सेंटाईल मात्र विद्यार्थ्याची तुलना त्याच्याबरोबर परीक्षेस बसलेल्या इतर विद्यार्थ्यांशी करतो. आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळविणारे शंभरात किती, एवढेच तो सांगतो.

ही पद्धत का आली? २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर, अनेक दिवस व अनेक सत्रांत घेतली जाते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. कितीही काळजी घेतली तरी एखादी थोडी कठीण, एखादी थोडी सोपी निघतेच. नुसते गुण मोजले, तर कठीण सत्र वाट्याला आलेल्या मुलावर अन्याय होईल. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातील विद्यार्थ्यांशी केली जाते. आपल्याइतके वा कमी गुण असलेल्यांची संख्या घ्यावी, तिला सत्रातील एकूण परीक्षार्थींच्या संख्येने भागावे व शंभराने गुणावे. उत्तर सात दशांश स्थळांपर्यंत काढले जाते, जेणेकरून एकाच आकड्यावर अनेक जण येऊ नयेत.

एक कल्पित उदाहरण पाहू. सकाळच्या सत्रात ८,००० विद्यार्थी बसले. पेपर कठीण होता. एका मुलीला ११८ गुण मिळाले आणि ११८ किंवा त्याहून कमी गुणांचे ७,४०० विद्यार्थी निघाले. ७,४०० भागिले ८,०००, गुणिले १०० : तिचा पर्सेंटाईल ९२.५. दुपारच्या सोप्या सत्रातही ८,००० विद्यार्थी होते. तेथे एका मुलाला १२६ गुण मिळाले, परंतु त्याच्याइतके वा कमी गुणांचे ७,३६० च होते. त्याचा पर्सेंटाईल ९२. आठ गुण कमी असूनही मुलगी पुढे राहिली. तिचे टक्के ५९, पर्सेंटाईल ९२.५, दोन्ही आकडे खरे आहेत, पण प्रश्न दोन निराळे आहेत.

यावरून आणखी दोन गोष्टी कळतात. सत्रात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास १०० पर्सेंटाईल मिळतो, मग त्याचे गुण २०० पैकी १८५ का असेनात. आणि तीन विषयांच्या पर्सेंटाईलची सरासरी म्हणजे एकूण पर्सेंटाईल नव्हे. तो एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढला जातो. घरी सरासरी काढून “निकालात चूक आहे” असे समजू नये.

आपण साधारण कितव्या क्रमांकावर आहोत, याचा अंदाजही यातून करता येतो. शंभरातून पर्सेंटाईल वजा करावा. ९२.५ असेल तर उरतात ७.५, म्हणजे शंभरात साडेसात जण पुढे. गटात तीन लाख परीक्षार्थी आहेत असे धरले, तर सुमारे २२,५०० पुढे. हा केवळ अंदाज होय. खरा क्रमांक गुणवत्ता यादीत पाहावा.

आता त्या ‘पन्नासच पडले’ म्हणणाऱ्या पालकांकडे वळू. पन्नास पर्सेंटाईल म्हणजे मूल सत्राच्या बरोबर मध्यावर आहे. सीईटीत पस्तीसची उत्तीर्णरेषा नसते. अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी सीईटीत शून्याहून अधिक गुण हवेत. टक्के पाहिले जातात ते बारावीच्या विहित विषयांचे : खुल्या प्रवर्गास ४५, राज्यातील मागास प्रवर्गांस ४०. तेथे टक्केवारी दार उघडते आणि पर्सेंटाईल रांगेतील जागा ठरवितो. हव्या त्या महाविद्यालयात जागा मिळेलच असे नाही. पण रांगेत उभे राहण्याचा हक्क त्या मुलास आहे.

म्हणून पालकहो, निकालाच्या दिवशी आकडा पाहून पेढे वाटण्यापूर्वी किंवा मुलास बोल लावण्यापूर्वी, मागील वर्षी त्या महाविद्यालयात, त्या शाखेत, आपल्या प्रवर्गाचा प्रवेश कोणत्या पर्सेंटाईलवर थांबला, ते पाहावे. तुलना पर्सेंटाईलची पर्सेंटाईलशीच करावी, आणि अर्जाची मुदत चुकवू नये.