मान काळी दिसली म्हणजे मळ नव्हे

लग्नाचे, सहलीचे फोटो मोबाईलवर पाहताना कुणाची मान, कुणाची काख काळसर दिसते. मग घरात तर्क सुरू होतात. कुणी म्हणते नीट घासत नाही, कुणी म्हणते उन्हाने, कुणी मलम सुचवते. हे तर्क थांबवा, असे आमचे सांगणे आहे.

एक प्रकारचा काळेपणा घासून जात नाही. मानेच्या मागे, काखेत, जांघेत त्वचा जाड होते, मखमलीसारखी लागते, रेषा खोल दिसतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, तेव्हा ते जास्त इन्सुलिन तयार करते. या जास्तीच्या इन्सुलिनने त्वचेच्या पेशी वाढतात. म्हणजे कारण आत आहे. दगडाने, घासणीने चोळले तर त्वचा सोलते, डाग तसाच राहतो.

पण काळी दिसणारी प्रत्येक मान अशी नसते. आमच्या आंबोलीत पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. ओलसर कपड्यांनी काखेत, जांघेत नायटा होतो. त्याला खाज असते, कडेला गोल रेघ व खवले असतात. फोटोत सावली पडली तरी मान काळी दिसते, आणि त्वचा जाड आहे की नाही हे फोटोत हाताला लागत नाही. दुकानातून आणलेल्या मलमात स्टेरॉइड असले तर नायटा दबतो, आणि नंतर अधिक पसरतो.

समजा, सतरा वर्षांच्या मुलीच्या मानेवर व काखेत असे डाग आहेत आणि पाळीही दोन-तीन महिने चुकते. डॉक्टर त्वचा हाताने पाहतील, वजन, कंबर, रक्तदाब मोजतील, घरात कुणाला मधुमेह आहे का आणि कोणती औषधे चालू आहेत ते विचारतील. साखर तपासायला आठ तास उपाशी राहून जायचे. पाणी चालते, चहा नाही. तिची साखर १०८ आली, तर तो मधुमेह नव्हे. पण १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इथूनच मागे फिरता येते. पाळीसाठी वेगळी तपासणी होईल. साखर १०० च्या आत आली तरी डाग दुर्लक्षू नयेत, कारण जास्तीचे इन्सुलिन काही वर्षे साखर सांभाळून धरते.

"आमची मुलगी तर बारीक आहे," असेही म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की आपली बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते.

उतारवयात डाग अचानक आले, भराभर वाढले, वजनही घटू लागले, तर उशीर करू नका. क्वचित पोटातल्या कर्करोगाची ती खूण असते.

फोटो डॉक्टरांना जरूर दाखवा. डाग कधीपासून आहे ते जुन्या फोटोंवरून कळते. निदान मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सावंतवाडीच्या सरकारी रुग्णालयात, उजेडात, हाताने पाहूनच होऊ द्या.