लेखिका येण्याआधीचे तीन आठवडे

चि. सोनू,



दिवाळीच्या सुट्टीनंतर एक लेखिका ओतूरला तुमच्या शाळेत येणार आहेत आणि कार्यक्रमाची आखणी तुझ्याकडे आली आहे, हे वाचून बरं वाटलं. तू पाठवलेला आराखडाही पाहिला. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, चाळीस मिनिटांचं भाषण, मग ‘वेळ उरल्यास प्रश्नोत्तरे’ आणि आभार. माझं म्हणणं एकच आहे. या कार्यक्रमाचा गाभा प्रश्नोत्तरांत आहे, आणि प्रश्न कसे येणार हे लेखिका एसटीतून उतरण्याच्या तीन आठवडे आधी ठरलेलं असतं. मुलांनी त्यांचं काही वाचलेलं असेल तर भेट होते, नाही तर भाषण होतं. बाकीची आखणी याच एका गोष्टीवरून कर.

शाळाशाळांतून लेखकांना विचारले जाणारे प्रश्न आठवून बघ. लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली? पहिलं पुस्तक कधी आलं? पुरस्कार किती मिळाले? नव्या लेखकांना काय संदेश द्याल? हे प्रश्न कुठल्याही लेखकाला विचारता येतात आणि निम्म्यांची उत्तरं पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेली असतात. मुलं मंद असतात म्हणून असं होत नाही. समोरच्या बाईंनी नेमकं काय लिहिलंय हे माहीत नसलं की नेमकं विचारण्यासारखं हातात काही राहत नाही. मग मूल आधी कुठेतरी ऐकलेला प्रश्न उचलतं आणि पाहुण्याही शंभर वेळा दिलेलं उत्तर देतात.

प्रश्न कसा घडतो हे मुलांना दाखवायला जिचा लेखक येऊच शकत नाही अशी कृती घे. ‘श्यामची आई’ सर्वांत सोपी, कारण ती बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. साने गुरुजींनी ती 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत: श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची आठवण सांगतो. आता वर्गाला विचार, गुरुजी समोर बसले असते तर तुम्ही काय विचारलं असतं? पहिल्यांदा ‘तुम्हाला आई आवडायची का’ असंच येईल. ते फळ्यावर लिही आणि पुढे ढकल. सरळ आठवणी न लिहिता ऐकणारे मित्र कशाला हवे होते? एखादी आठवण सांगताना लाज वाटली असेल का, आणि वाटली तरी ती का ठेवली? दोन्ही प्रकारचे प्रश्न शेजारी शेजारी आले की फरक मुलांना आपोआप दिसतो. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न लेखकाने केलेल्या एखाद्या निवडीवर बोट ठेवतो. असा प्रश्न आला की लेखकालाही थांबून आठवावं लागतं. एका तासिकेत एवढं झालं तरी पुरे.

मग लेखिकेच्या पुस्तकाकडे वळ. त्यांची सगळी पुस्तकं मुलांनी वाचावीत असा आग्रह नको. एकच पुस्तक, किंवा त्यातल्या दोन कथा, त्यांनाच विचारून निवड. पंचेचाळीस मुलांच्या वर्गाला दहा प्रती पुरतात, चार-पाच जणांत एक. पैसे कुठून आणायचे, हा तुझा प्रश्न रास्त आहे. माझा सल्ला असा की शाल, स्मृतिचिन्ह आणि पुष्पगुच्छ यांवर जे खर्च होणार आहे त्याच्या प्रती घ्याव्यात आणि तसं लेखिकेला आधीच कळवावं. आपलं पुस्तक वर्गात फिरून कोपरे दुमडलेलं बघण्यात कोणाही लिहिणाऱ्याला शालीपेक्षा अधिक सन्मान वाटेल. मानधन आणि प्रवासखर्च यांत मात्र कपात करू नकोस. पुण्याहून ओतूर म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस जातो. रक्कम कितीही लहान असो, ती पहिल्याच पत्रात स्पष्ट लिही.

यावर तू म्हणशील की सातवीतली काही मुलं अजून अडखळत वाचतात, त्यांचं काय? ‘असर’चे अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगताहेत की पाचवीत गेलेल्या पुष्कळ मुलांना दुसरीच्या पातळीचा उताराही नीट वाचता येत नाही. पण प्रश्न पडायला मजकूर डोळ्यांनीच वाचला पाहिजे असं नाही. रोज पहिल्या तासिकेची दहा मिनिटं तू मोठ्याने वाच. दोन आठवड्यांत दोन लांब कथा सहज होतात. वाचताना कथा वळण घेणार त्या जागी थांब आणि पुढे काय होईल ते प्रत्येकाला एका ओळीत लिहायला सांग. या ओळी जपून ठेव. लेखिकेने एक वळण घेतलं आणि मुलाने दुसरं सुचवलं, त्या फटीतूनच त्याचा खरा प्रश्न येतो: असं का नाही केलं तुम्ही? अडखळत वाचणारं मूलही हा प्रश्न विचारू शकतं.

मुख्याध्यापकांचा आक्षेप वेगळा असेल. एवढ्या लांबून पाहुण्या येणार तर लाभ सगळ्या शाळेला व्हावा, असं ते म्हणतील, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहे. पण पटांगणात ध्वनिक्षेपकावर सहाशे मुलांशी गप्पा होत नाहीत. मागच्या रांगांना नीट ऐकूच येत नाही, मग शिक्षक त्यांना गप्प करत फिरतात. यावर तोड अशी: परिपाठाला लेखिकेने सगळ्या शाळेसमोर दहा-पंधरा मिनिटं एक कथा वाचावी, सत्कारही तिथेच उरकावा. नंतरचे दोन तास ज्या वर्गाने वाचलंय त्याच वर्गात, दार लावून. स्थानिक मान्यवरांनाही परिपाठालाच बोलाव, म्हणजे त्यांना उशीर झाला तरी वर्गातला वेळ कापला जाणार नाही. 15 ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन, तू टाळलास हे चांगलं केलंस. त्या दिवशी प्रत्येक शाळेला लेखक हवा असतो. पुढच्या वर्षी श्रावणात ठरवलंत तर सोमवार मात्र सोड, कारण कपर्दिकेश्वराच्या यात्रेत गावचे रस्तेही मोकळे नसतात आणि मुलांचं मनही वर्गात नसतं.

वर्गातल्या वेळेत भाषण वीस मिनिटांचंच ठेव आणि त्यात काय हवं तेही लेखिकेला मोकळेपणी लिही. ‘तुमच्या लेखनप्रवासाबद्दल बोला’ असं कळवलंस तर त्या बालपणापासून सुरू करतील आणि पुस्तकापर्यंत येईतो वेळ संपेल. त्याऐवजी अशी विनंती कर: मुलांनी वाचलेल्या कथेचा पहिला खर्डा आणावा, खाडाखोडीसकट. खोडलेला एक परिच्छेद वाचून दाखवावा आणि तो का गेला ते सांगावं. छापलेलं वाक्य आधी वेगळं होतं हे पाहिलं की मुलांच्या प्रश्नांना दार उघडतं. खर्डे उरले नसतील तर लिहिताना अडलेली एक जागा सांगितली तरी चालेल.

मग पंचवीस मिनिटांचा उपक्रम. ‘गोष्ट लिहा’ असं सांगू नकोस. तेवढ्या वेळात मुलं पाठ असलेला राजा-राणीचा सांगाडाच उतरवतात. इथे ओतूरचाच एक धडा उपयोगी पडेल. डॉ. अनिल अवचट 1944 साली तुमच्याच गावात जन्मले. मुलांसाठी लिहिलेल्या त्यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला 2010 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण मला इथे त्यांची पद्धत हवी आहे. हमालांवर किंवा विडी कामगारांवर लिहायचं तर ते त्यांच्यात जाऊन बसत, बघत, साधे प्रश्न विचारत आणि बघितलेलं साध्या वाक्यांत मांडत. तुझी मुलं हे करू शकतात. भेटीच्या आधीच्या आठवड्यात चार-पाच जणांच्या गटाने कांद्याचा लिलाव बघून यावा, बरोबर मोठं माणूस असावं. पंधरा मिनिटं बघायचं आणि दहा ओळी लिहायच्या. अट एकच: ‘शेतकरी दुःखी होता’ असं लिहायचं नाही. व्यापाऱ्याने ढिगात हात घालून कांदा काढला, दाबून पाहिला, दहा किलोचा भाव पुकारला, तेव्हा मालाचा धनी कुठे बघत होता, हातांचं काय करत होता, ते लिहायचं. ज्यांना बाजारात जाता येणार नाही त्यांनी घरचं कुठलंही काम बघावं. बिबट्याविषयी लिहायला मुलं लगेच तयार होतील, पण तिथे ऐकीव फार येतं. लिहायचंच असेल तर उसाच्या कडेने संध्याकाळी घरी येताना स्वतः काय केलं तेवढंच.

या दहा-दहा ओळींच्या कागदांतले चार आधी लेखिकेकडे पाठव, नावं न घालता. वर्गात त्या एक कागद फळ्यावर उतरवतील आणि मुलांबरोबर त्यावर काम करतील: कुठली ओळ डोळ्यांनी पाहिलेली, कुठली ठरवून घातलेली, सुरुवात तिसऱ्या ओळीपासून केली तर काय होतं. ज्याचा कागद आहे त्याची संमती आधी घे. लिहिणाऱ्याचं हसं होण्याची भीती असेल तर तो कागद वगळ.

राहिला प्रश्नांचा भाग, त्याला निदान अर्धा तास दे. आधी लिहून घेतलेले प्रश्न म्हणजे नाटक, मुलांना ऐन वेळी सुचेल ते विचारू द्यावं, असं कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते शिक्षकाने लिहून दिलेल्या प्रश्नांपुरतं. घोकवलेला प्रश्न विचारताना मूल लेखिकेकडे बघत नाही, तुझ्याकडे बघतं, आणि उत्तर संपायच्या आत खाली बसतं. म्हणून प्रश्न ज्याचा त्यानेच विचारावा, भाषा सुधारू नकोस, आणि हुशार मुलीला दुसऱ्याचा चांगला प्रश्न देऊ नकोस. प्रत्येकाकडून दोन प्रश्न लिहून घे. मलपृष्ठावर उत्तर असलेले मुलांनीच बाजूला काढावेत. दहा-बारा उरले तर ते अर्ध्या तासाला जास्तच होतात. शिवाय प्रत्येक उत्तरानंतर त्याच मुलाला आणखी एक विचारायची मुभा ठेव. हा दुसरा प्रश्न कोणी आधी लिहिलेला नसतो. त्या वेळी तू घाई करू नकोस. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांची निरीक्षणं करून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारीही बोलू लागतात. पाहुण्यांसमोर शांतता पसरली की आपणच मुलाच्या वतीने बोलायचा मोह होतो. मनात पाच आकडे मोज.

सह्यांची झुंबड वर्गाबाहेर, शेवटी. पुस्तकं विकत घेण्याची सक्ती कोणावर होणार नाही हे पालकांना आधी कळू दे. नंतरच्या आठवड्यात मुलांनी आपल्या दहा ओळी पुन्हा लिहून काढाव्यात. जुना आणि नवा कागद एकत्र टाचून लेखिकेकडे पोस्टाने पाठव, आभारपत्र त्याच पाकिटात. आज मात्र फक्त एक काम कर: त्यांना फोन करून कुठल्या दोन कथा वर्गात वाचू ते विचार, आणि खर्डा सापडतोय का तेही.

तुझी,
मावशी