एक बार, तीन लाडू : नोंदवहीतील ‘एक नग’

आहाराची दैनंदिन नोंद ठेवणारे अनेकजण सायंकाळच्या खाण्यापुढे ‘प्रोटीन बार, १ नग’ किंवा ‘खजूर-सुकामेव्याचा लाडू, १ नग’ असे लिहितात. या दोन नोंदींतील ‘नग’ हा शब्द एकच असला, तरी त्यामागील वजन अगदी भिन्न असते आणि गफलत होते ती येथेच.

बारचे वजन वेष्टनावर छापलेले असते. समजा, ते ६० ग्रॅम आहे आणि १०० ग्रॅमच्या रकान्यात ४०० कॅलरी व ३३ ग्रॅम प्रथिने दिली आहेत. तर एका बारमध्ये २४० कॅलरी व सुमारे २० ग्रॅम प्रथिने होतात. घाईत १०० ग्रॅमचाच आकडा उतरवून घेतला जातो आणि नोंद दीडपटीहून अधिक फुगते. ही चूक जमाखर्चात एक घर चुकण्यासारखीच होय.

लाडवाला मात्र वेष्टन नाही. त्याचा हिशेब घाण्यावरून काढावा लागतो. बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, बदाम व काजू प्रत्येकी ५० ग्रॅम आणि तूप १० ग्रॅम असे प्रमाण घेऊ. यातून खजुराच्या ५६०, बदामाच्या २९०, काजूच्या २८० आणि तुपाच्या ९० मिळून सुमारे १२२० कॅलरी होतात. प्रथिने अनुक्रमे ५, १०.५ व ९ ग्रॅम, म्हणजे एकूण साडेचोवीस. तुपात ती नसतात. या मिश्रणाचे पंधरा लाडू वळल्यास प्रत्येकी सुमारे २० ग्रॅम वजन, ८१ कॅलरी आणि जेमतेम १.६ ग्रॅम प्रथिने येतात.

आता समान वजनाची तुलना करू. तीन लाडू म्हणजे ६० ग्रॅम, अर्थात एक बार. कॅलरी जवळजवळ सारख्याच, २४३. प्रथिने मात्र पाच ग्रॅम, म्हणजे बारच्या चौथ्या हिश्श्याएवढी. प्रथिने वाढवण्याचा सल्ला मिळालेल्या व्यक्तीने बारऐवजी लाडू पत्करल्यास नोंदीत उर्जा तेवढीच दिसेल, पण मूळ हेतू साधणार नाही. (चवीच्या बाबतीत लाडूच वरचढ, हे मान्य करावे लागेल.)

साखरेबाबत आणखी एक सावधगिरी हवी. लाडवात वरून घातलेली साखर शून्य असली, तरी खजुराची स्वतःची शर्करा तीन लाडवांत सुमारे २६ ग्रॅम भरते. मधुमेही व्यक्तीने नोंद करताना ‘एकूण शर्करा’ पाहावी. बारच्या वेष्टनावरही हा आकडा व ‘अतिरिक्त साखर’ निरनिराळी छापलेली असते.

हात सैल पडून त्याच घाण्याचे बाराच लाडू झाले, तर प्रत्येक नग १०२ कॅलरींचा होतो. म्हणून वळून झाल्यावर सर्व लाडू एकत्र तोलावेत, लाडवांच्या संख्येने भागावे आणि तो आकडा डब्याच्या झाकणावर चिठ्ठी लावून लिहून ठेवावा. पुढच्या घाण्याला चिठ्ठी नवी.