दहा भागांची वेब सिरीज: प्रत्येक भाग पूर्ण, तरी दहाव्याची ओढ कशी लावायची?

व्हिडिओत मी फळ्यावर दहा चौकोन काढले होते आणि वेळ संपली म्हणून घाईत गुंडाळलं. इथे तोच आराखडा सावकाश बघू, एक पूर्ण उदाहरण घेऊन.

आधी अडचण नीट समजून घ्या. तुमची सिरीज यूट्यूबवर येणार. तिथे प्रेक्षक पहिल्या भागापासूनच सुरुवात करेल याची काही खात्री नाही. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाचवा भाग पाठवतो आणि तो थेट तिथेच येतो. त्याला बारा मिनिटांत पूर्ण गोष्ट मिळाली नाही तर तो जातो. आणि जो पहिल्यापासून बघतोय, त्याला प्रत्येक वेळी नुसती सुटी गोष्ट मिळाली तर पुढच्या आठवड्यात परत यायचं कारण राहत नाही. दोघांनाही एकाच भागात सांभाळायचंय.

मी हे रोजमेळावरून शिकवतो. दुकानदार रोज संध्याकाळी हिशोब मिटवतो. तो दिवस तिथे पूर्ण होतो. पण जी शिल्लक उरते ती उद्याच्या पानावर सर्वात वर चढते. भागाचंही तसंच. आजचा प्रश्न आजच मिटला पाहिजे, आणि एक छोटी शिल्लक पुढे गेली पाहिजे. शिल्लक म्हणजे एखादी वस्तू, कोणाचे उपकार, लपवलेली गोष्ट, न आलेले पैसे. दहावा भाग या शिलकांवर उभा राहतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ‘पंचायत’ पाहिली असेल. २०२० सालचा पहिला सीझन, आठ भाग. त्यातला सोलर लाइटचा भाग आठवा. गावात दिवे बसणार आहेत, एक ऑफिससमोर हवा अशी सचिवाची इच्छा आहे, पण एक दिवा भुताच्या झाडापाशी लावायचा पेच येतो. हा त्या भागापुरता प्रश्न, तिथेच मिटणारा. पण त्याला दिवा कशाला हवाय? रात्री कॅटचा अभ्यास करायला. म्हणजे त्या दिवसाची अडचण त्याच्या सीझनभराच्या इच्छेतून निघाली, म्हणूनच भुताची गोष्ट सुरू असतानाही मुख्य गोष्ट थांबत नाही. पुढे शेवटच्या भागात २६ जानेवारीचं झेंडावंदन येतं आणि सगळा सीझन नावापुरत्या प्रधान असलेल्या मंजूदेवींना राष्ट्रगीत म्हणायचं असतं. ते दृश्य जड वाटतं, कारण त्यांचं ‘नावापुरतं’ असणं आपण सात भाग पाहिलेलं असतं.

आता आपलं उदाहरण. मी रचलेलं आहे, नाव ठेवू ‘डबा’. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या कामगारांना डबे देणारी सुनंदा. मोठी शेगडी आणि भांडी घ्यायला तिने सासूच्या पाटल्या न सांगता गहाण टाकल्यात. चार महिन्यांनी नणंदेच्या मुलीचं लग्न, तेव्हा सासू पाटल्या मागणार. सीझनचा प्रश्न एका ओळीत: लग्नाआधी पाटल्या सुटतील का?

इथे बहुतेक जण पहिला भाग लिहायला बसतात. तसं करू नका, दहावा आधी लिहा. माझ्या पहिल्या खर्ड्यात शेवटच्या दिवशी सगळे गिऱ्हाईक वर्गणी काढून पाटल्या सोडवतात असं होतं. वाचून बरं वाटलं, पण सुनंदाने केलं काय? काहीच नाही. तिला मिळालं. शेवट फसतो तो बहुतेक वेळा इथेच: उत्तर बाहेरून येतं. मग मी विचारलं, ही बाई पहिल्या दिवसापासून काय टाळतेय? सासूला सांगणं. म्हणजे दहाव्या भागात तिने स्वतः तोंड उघडलं पाहिजे. पाटल्यांच्या प्रश्नाचं उत्तरही स्पष्ट द्यायचं: नाही, सुटल्या नाहीत, व्याज भरून मुदत वाढवली. प्रेक्षकाला ‘नाही’ चालतं. ‘बघू पुढच्या सीझनला’ चालत नाही.

शेवट ठरला की मागे यायचं. एका कागदावर दहा ओळी आणि चार रकाने आखा: आजचा प्रश्न, आजचं उत्तर, शिल्लक, आणि ती शिल्लक दहाव्यात कुठे खर्च झाली. चौथा रकाना सर्वात महत्त्वाचा, आणि तोच लोक सोडून देतात.

चौथा भाग मी पूर्ण सांगतो, कारण सगळी मेख त्यात आहे. सुनंदाला ताप आलाय. वीस डबे बारा वाजता जायचेत. प्रश्न: सासूला एकटीला जमेल का? सासू करते, तिच्या पद्धतीने करते, भाजी जरा तिखट होते, दोन फोन येतात, पण डबे जातात. उत्तर मिळालं. आता शिल्लक. पोहे शोधताना पोह्यांच्या डब्यात सासूला गहाणाची पावती सापडते. ती बघते, घडी घालते, परत ठेवते. काही बोलत नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात दारावर कासार येतो आणि ती हिरव्या काचेच्या बांगड्या भरून घेते. जो फक्त हाच भाग बघतोय त्याला दिसतं की घरात काहीतरी लपवलंय, आणि तरीही दिवसभर राबलेल्या म्हातारीने स्वतःसाठी काहीतरी घेतलं. गोष्ट पूर्ण. जो पहिल्यापासून बघतोय त्याच्या पोटात गोळा येतो. एकच शॉट, दोघांसाठी दोन अर्थ. आणि दहाव्यात सुनंदा रडतरडत सांगायला जाते तेव्हा सासू लग्नाला निघालेली असते, हातात त्याच काचेच्या बांगड्या.

क्रम नीट बघा: आधी उत्तर, मग शिल्लक. अनेक जण डबे पोहोचले की नाही हेच दाखवायच्या आधी भाग तोडतात आणि त्याला उत्सुकता म्हणतात. प्रेक्षकाला ती फसवणूक वाटते.

बाकीच्या शिलका साध्या आहेत. तिसऱ्या भागात साडेदहाला गॅस संपतो आणि जिच्याशी बोलणं बंद आहे ती शेजारीण आपलं सिलिंडर देते. पाचव्यात नवीन पोरगा जैन डबा दुसऱ्याला देऊन येतो, म्हणून सुनंदा डब्यांच्या कड्यांना रंगीत दोरे बांधते. दहाव्यात लग्नाच्या दिवशी शेजारणीच्या ओट्यावर स्वयंपाक होतो, पोरगा दोरे बघून डबे वाटतो आणि सुनंदा धंदा बंद न ठेवता लग्नाला जाऊ शकते. कोणी भाषण देत नाही, पण धंदा उभा राहिलाय हे दिसतं.

सातव्या भागाला सीझन वळला पाहिजे, नाहीतर मधले भाग सैल पडतात. तिथे एका कंपनीची ६० डब्यांची ऑर्डर येते. भागाचा प्रश्न: एवढे डबे वेळेत होतील का? होतात. शिल्लक: बिल. ७० रुपयांप्रमाणे २६ दिवसांचे १,०९,२०० रुपये, आणि साहेब म्हणतात ४५ दिवसांनी. लग्न त्याआधी आहे. म्हणजे तिच्या यशामुळेच पैसे अडकले. (सूक्ष्म आणि लघु उद्योगांना नोंदणी असेल तर ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचं बंधन कायद्यात आहे, तो वेगळा धडा.) नवव्यात ती सावकाराच्या दारापर्यंत जाते आणि परत फिरते. आता एकच वाट उरते, सांगण्याची.

आराखडा झाला की दोन परीक्षा घ्या. पहिली: एक भाग काढून टाका आणि दहावा वाचा. काही बिघडलं नाही तर तो भाग भरताड आहे. माझा सहावा असाच होता, कंपनीच्या गॅदरिंगमधला गमतीचा भाग. गंमत ठेवली, पण तिथे एका साहेबाने सुनंदाचं जेवण चाखलं असं केलं, आणि सातव्याची ऑर्डर त्यातून आणली. दुसरी: ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाला पाचवा भाग द्या आणि विचारा, कोणाला काय हवं होतं, आणि ते मिळालं का? दोन्ही उत्तरं आली पाहिजेत. न आल्यास ‘मागील भागात’ची लांब पट्टी जोडू नका. नवा माणूस सुरुवातीलाच निघून जातो, आणि यूट्यूब स्टुडिओतल्या आलेखात पहिल्याच मिनिटाला ती घसरण दिसते. त्याऐवजी गरजेची एक गोष्ट कृतीत दाखवा. सुनंदा पावती पोह्यांच्या डब्यात खोल सरकवते, एवढं पुरतं.

आणि आता पैशाची बाजू. अंदाजे एक पान म्हणजे एक मिनिट, तर बारा मिनिटांचे दहा भाग म्हणजे १२० पानं. तुम्ही भागांच्या क्रमाने शूट करणार नाही, परवडणारच नाही. स्वयंपाकघराची दहाही भागांतली दृश्यं सलग काही दिवसांत उरकाल. तेव्हा तोच शिल्लक रकाना सेटवर भिंतीला चिकटवा. पाचव्यानंतर कड्यांना दोरे हवेत, चौथ्यानंतर सासूच्या हातात काचेच्या बांगड्या. एका टीमचं मी पाहिलंय: धंदा वाढल्याचं संवादात सांगत होते आणि मागच्या फळीवर आठव्या भागात पहिल्यापेक्षा कमी डबे होते. कमेंटमध्ये लोकांनी तेवढंच पकडलं.

याच कागदावर पक्के आणि हलते भाग वेगळ्या रंगात करा. ‘डबा’मध्ये एक, चार, सहा, सात, नऊ आणि दहा पक्के, त्यांचा क्रम बदलत नाही. तीन आणि पाचची अदलाबदल चालते. दोन आणि आठ मी मुद्दाम हलके ठेवलेत, त्यांची शिल्लक छोटी आहे. एखाद्या कलाकाराची तारीख गेली किंवा पैसे संपत आले, तर आठवा पाडून त्याची शिल्लक नवव्याच्या एका दृश्यात सरकवता येते आणि नऊ भागांचा सीझन उभा राहतो. पण हा निर्णय शूटच्या आधी कागदावर झालेला असावा, एडिटच्या टेबलावर नाही.