पेटंटांच्या ढिगातून विकता येईल अशी वस्तू

रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याने मला विचारलं होतं, "भाऊ, फळ पिकणं चार-आठ दिवस लांबवणारं काही पेटंटांमध्ये सापडेल का, जे मला माझ्या शेडमध्ये बनवता येईल?" अशा प्रश्नाचं उत्तर शोधण्याची माझी पद्धत मी त्याच्याच उदाहरणावर सांगतो. ती कुठल्याही विषयाला लावता येते, पण फळ पिकण्याच्या विषयात तिच्या सगळ्या पायऱ्या स्वच्छ दिसतात.

सुरुवात शब्दांनी करू नका. बनाना, रायपनिंग असे शब्द टाकले की हजारो कागद समोर येतात. पेटंट कार्यालयं प्रत्येक अर्जाला विषयाप्रमाणे एक वर्गसंकेत देतात. आपल्या विषयाचं एक बरं पेटंट सापडलं की त्याच्यावरचा संकेत उतरवून घ्या आणि पुढचा शोध त्या संकेताने करा. वायू वापरून फळं टिकवण्याचा एक संकेत A23B7/152 आहे. फळ पिकवणारा नैसर्गिक वायू म्हणजे इथिलीन. म्हणून एस्पेसनेट या मोफत संकेतस्थळावर असं लिहायचं:

```
cl = "A23B7/152" AND ta = "ethylene"
```

आलेल्या यादीत वीस वर्षांहून आधी दाखल झालेले अर्ज प्रथम बघा. पेटंटाची मुदत सर्वसाधारणपणे दाखल केल्यापासून २० वर्षं असते, त्यामुळे जुन्या अर्जांतलं ज्ञान बहुधा मोकळं झालेलं असतं.

या वाटेने गेलं की US5518988A हे पेटंट भेटतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एडवर्ड सिसलर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांनी ते १९९४ साली दाखल केलं आणि १९९६ साली त्यांना मिळालं. १-मिथाइलसायक्लोप्रोपीन नावाचा वायू फळातल्या इथिलीनच्या जागा अडवून बसतो, त्यामुळे इथिलीन आलं तरी फळाला पिकण्याचा निरोप पोचत नाही. शोध मोठा आहे, पण लगेच उड्या मारू नका. पेटंटाचा गोषवारा सोडा आणि दाव्यांमधला पहिला दावा वाचा, कारण कायद्याने राखलेली गोष्ट दाव्यात असते. इथे दावा इथिलीनचा परिणाम रोखण्याच्या पद्धतीवर आहे. विकता येईल अशी वस्तू अजून झालेली नाही. हा पदार्थ साध्या तापमानाला वायू असतो, साठवला तर टिकत नाही आणि दाबून भरायला गेलं तर स्फोटाचा धोका. व्यापाऱ्याच्या हातात द्यायचं तरी काय?

माझ्या अनुभवात सगळ्यात मोलाची पायरी यानंतरची आहे. गुगल पेटंट्सवर त्याच पानाच्या खाली Cited By अशी यादी असते. त्या पेटंटाचा आधार पुढे कुणी घेतला, ते तिथे दिसतं. त्या यादीत शोध लावणारा नव्हे, अडचण काढणारा माणूस शोधायचा. US6017849A हे १९९८ साली दाखल झालेलं पेटंट तसं आहे. त्याच्या लांबलचक शीर्षकातच सुरक्षित आणि सोयीची साठवण, वाहतूक आणि वापर हे शब्द आहेत. त्यात हा वायू सायक्लोडेक्स्ट्रिन या कडीसारख्या शर्करेच्या रेणूत अडकवला आहे. तयार होते कोरडी भुकटी. भुकटी पाण्यात टाकली की वायू सुटतो. ज्या पेटंटाने धोकादायक वायू भुकटी करून दिला, तेच उत्पादनाचं पेटंट. अमेरिकेत १९९९ साली फुलांसाठी आणि २००२ साली सफरचंदांसाठी या पदार्थाला परवानगी मिळाली ती याच रूपात. म्हणून कुठल्याही विषयात पहिलं पेटंट दिसलं की त्याच्यामागून आलेलं साठवण, वाहतूक, वापर असे शब्द घेऊन येणारं दुसरं पेटंट हुडका. ते सापडलं नाही, तर तंत्र अजून प्रयोगशाळेतच आहे असं समजा.

आता संशोधनाकडे वळा. एकेका शोधनिबंधाचा सारांश वाचत बसण्यापेक्षा आढावा लेख गाठा. या विषयावर ब्लँकनशिप आणि डोल यांचा २००३ सालचा आढावा आहे. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: किती मात्रा, किती तास, आणि कुठे फसलं. मात्रा हवेच्या दहा लाख भागांत एक भागाच्या आसपास, वेळ साधारण १२ ते २४ तास. पण फसण्याची जागा जास्त बोलकी असते. सफरचंद कडक राहिलेलंच गिऱ्हाईकाला हवं असतं, म्हणून तिथे हे तंत्र शोभतं. नासपती हिरवीच अडकून बसण्याची भीती असते. केळी कमी-जास्त तयार असताना काढली, तर एकाच फणीत एक केळं पिवळं आणि शेजारचं हिरवं राहू शकतं. सफरचंदावरचा उत्तम निकाल वाचून केळीचा धंदा बांधणं ही या कामातली नेहमीची चूक आहे.

कायद्याची बाजूही याच वेळी बघून घ्या. गुगल पेटंट्सवर Expired - Lifetime दिसलं तर पूर्ण मुदत संपली, Expired - Fee Related दिसलं तर फी न भरल्याने ते पडलं. वरची दोन्ही पेटंटं अमेरिकेत अनुक्रमे २०१४ आणि २०१८ साली मुदत संपून मोकळी झाली. पेटंट देशापुरतं असतं, म्हणून भारतात वेगळी तपासणी हवी: ipindia.gov.in वर शोधा, आणि नंतरची सुधारित पेटंटं तर जिवंत नाहीत ना, तेही पाहा. पेटंट संपलं म्हणजे विक्रीची परवानगी मिळाली असं मात्र नाही. आपल्याकडे कीटकनाशक कायदा, १९६८ खाली वनस्पतींच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या रसायनांची नोंदणी करावी लागते. छोट्या शेडला हा खर्च आणि वेळ झेपत नाही. इथे मी त्या व्यापाऱ्यासाठी ही वाट सोडून दिली.

मग तोच प्रश्न घेऊन जुन्या शोधनिबंधांच्या सारांशांमध्ये गेलो. पोटॅशियम परमँगनेट इथिलीन शोषतं आणि त्यामुळे पिशवीतली केळी उशिरा पिकतात, हे स्कॉट, मॅकग्लासन आणि रॉबर्ट्स यांनी १९७० साली ऑस्ट्रेलियात छापलं होतं. पन्नास वर्षांहून जुनं, उघडपणे छापलेलं ज्ञान. इथे रसायन छिद्रांच्या पुडीत राहतं, फळात जात नाही; हवा तेवढी पुडीतून ये-जा करते. आणि काम झाल्याची खूण पुडीवरच दिसते, कारण जांभळा रंग उतरून तपकिरी होतो.

यापुढे कागद मिटून चाचणी घ्या. एकाच घडातल्या, सारख्या भरलेल्या हिरव्या फण्या तीन भागांत वाटा: उघड्या, पिशवीत, आणि पुडीसह पिशवीत. पुडीत चार ते सहा टक्के परमँगनेट शोषलेले सच्छिद्र दाणे असावेत, पुडी फळाला टेकू नये, हातमोजे घालावेत. रोज एकाच वेळी, एकाच उजेडात फोटो काढा. पिशवी उघडल्यावर आंबूस, दारूसारखा वास आला तर पुडीचा दोष नाही, पिशवीत प्राणवायू कमी पडला आहे. तिला छिद्रं वाढवा. पुडी पूर्ण तपकिरी झाली आणि केळी लगेच पिवळी पडू लागली, तर दाणे कमी पडले. आणि पुडीसहच्या पिशवीत व नुसत्या पिशवीत काहीच फरक दिसला नाही, तर पुढचा पैसा घालू नका.