गर्भ रुजतानाचा डाग की लवकर आलेला हैज?

हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनी अल्लाहचे प्रेषित (स.) यांच्याकडे रक्त थांबत नसल्याची अडचण मांडली, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की हे हैज नसून एका रगेचे रक्त आहे. हैज आणि इस्तिहाजा यांतील हा भेद लक्षात असला, तरी पाळीच्या तारखेआधी चार-पाच दिवस कपड्यावर डाग दिसला की अनेक भगिनी गोंधळतात. नमाज सोडावी की पढावी? पाळी लवकर आली, की गर्भ राहिला?

स्त्रीबीज फलित झाले की ते लगेच गर्भाशयात रुजत नाही. बीज बाहेर पडल्यापासून साधारण 6 ते 12 दिवसांत ते गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. पाळीचे चक्र 28 दिवसांचे असेल, तर हा काळ सुमारे 20 व्या ते 26 व्या दिवसाचा, म्हणजे पाळीच्या तारखेच्या थोडा आधीचा येतो. याच सुमारास काही स्त्रियांना किंचित रक्त दिसते. पुष्कळ गर्भवतींना ते मुळीच दिसत नाही.

वेळेपाठोपाठ रंग पाहावा. गर्भ रुजतानाचा डाग बहुधा फिकट गुलाबी किंवा तपकिरी असतो. पाळीचे रक्त सुरुवातीला तपकिरी असले, तरी काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी लाल होते. खरा फरक प्रमाणात कळतो. रुजतानाचे रक्त थेंबाथेंबाने, काही तास ते एक-दोन दिवस दिसते. पॅड भिजत नाही, गाठी पडत नाहीत आणि ते वाढत जात नाही. पाळी मात्र वाढत जाते, पॅड बदलावे लागते आणि ती अनेक दिवस चालते.

या खुणांवरून केवळ अंदाज बांधता येतो. शरीअतचा निर्णय रंगावर नव्हे, तर मुदतीवर आहे. हैजच्या दिवसांत तपकिरी रंगही हैजच धरला जातो. हनफी मतानुसार हैजची किमान मुदत तीन दिवस-रात्री व कमाल दहा दिवस आहे, आणि गर्भवतीला हैज येत नाही. कोकणातील आपले अनेक बांधव शाफई आहेत. त्यांच्याकडे किमान मुदत एक दिवस-रात्र असून गर्भवतीचे रक्तही अटी पूर्ण झाल्यास हैज ठरू शकते. म्हणून आपापल्या मसलकच्या आलिमांना विचारावे.

एक उदाहरण हनफी मतानुसार पाहू. एका भगिनीचे चक्र 28 दिवसांचे, पाळी पाच दिवसांची. रमजानमध्ये 24 व्या दिवशी फजरच्या वेळी तिला तपकिरी डाग दिसला. तिने हैज समजून नमाज व रोजा सोडला. 25 व्या दिवशी असरपूर्वी शेवटचा डाग दिसला, मग काहीच नाही. मगरिबपासून तिने वुजू करून नमाज सुरू केली व पुढील रोजे ठेवले. पुढे दोन शक्यता होत्या.

पहिली: 29 व्या दिवशी पाळी आलीच नाही. 30 व्या दिवशी सकाळच्या लघवीची चाचणी केली, तेव्हा फिकट रेघ दिसली. दोन दिवसांनी ती ठळक झाली. रक्त तीन दिवसांहून कमी होते, गर्भही होता. म्हणून ते इस्तिहाजा ठरले. सुटलेल्या आठ फर्ज नमाजा, पहिल्या रात्रीची वित्र आणि दोन रोजे यांची कजा तिच्यावर आली. गुस्लची गरज नव्हती.

दुसरी: 28 व्या दिवशी लाल रक्त सुरू होऊन 32 व्या दिवशी थांबले. मधली स्वच्छता पंधरा दिवसांहून कमी असल्याने 24 ते 32 हे नऊही दिवस हैजचे ठरतात. नमाजांची कजा नाही. मात्र 26 व 27 व्या दिवशी ठेवलेले रोजेही पुन्हा ठेवावे लागतात, आणि शेवटी गुस्ल फर्ज आहे.

म्हणून डागाची तारीख, वेळ, रंग आणि थांबण्याची वेळ वहीत नोंदवावी. चाचणी पाळी चुकल्याच्या दिवसापासून करावी. आधी केलेली चाचणी गर्भ असूनही नकारार्थी येऊ शकते. ज्यांची पाळी अनियमित असते त्यांना तारखेवरून अंदाज बांधता येत नाही. त्यांनी चाचणीवरच अवलंबून राहावे.

चाचणी होकारार्थी आल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ‘रुजतानाचे असेल’ असे समजून घरी बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. पोटात एका बाजूला तीव्र वेदना, खांदा दुखणे, चक्कर किंवा भरपूर रक्तस्राव असल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. गर्भ नळीत रुजला असण्याची शक्यता असते आणि तिथे विलंब जिवावर बेततो. अशा वेळी पतीने व सासूबाईंनी संकोच बाजूला ठेवावा. जीव वाचविणे हीही शरीअतचीच आज्ञा आहे.

अल्लाहच सर्वाधिक जाणणारा आहे.